पाहणारे आणि घेणारे : प्रस्तावना

ऑक्टोबर २०१० मध्ये आपल्या शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज गाड्या विकल्या गेल्या. एकूण किंमत सुमारे पासष्ट कोटी. देशभरच्या वर्तमानपत्रांनी ही बातमी छापली, आणि मराठवाडा म्हणजे दुष्काळ एवढंच ठाऊक असलेल्यांच्या भुवया वर गेल्या. हा सौदा का झाला याबद्दल कुणालाच कोडं पडलं नव्हतं. इथल्या उद्योजक-व्यावसायिकांनी गट केला, एकत्र बसून भाव ठरवला, बँकेकडून सवलतीच्या दरानं कर्ज मिळवलं आणि गाड्या घेतल्या.

आता थोडी कल्पना करू. समजा त्याच आठवड्यात या गाडीची व्हिडिओ जाहिरात शहरातल्या सधन मंडळींच्या मोबाइलवर चालू होती. (वगळता येणारी जाहिरात यूट्यूबवर आली ती त्याच वर्षीच्या डिसेंबरात, म्हणून कल्पना म्हणालो.) त्या दीडशेंपैकी बहुतेकांना ती दिसली असती. महिन्याच्या रिपोर्टात शंभर-सव्वाशे विक्र्या ‘जाहिरात दिसल्यानंतर झालेल्या’ म्हणून नोंदल्या गेल्या असत्या, आणि त्यात अक्षरही खोटं नसतं. जाहिरात दिसली होती, नंतर गाडी घेतली होती. फक्त जाहिरात नसती तरी त्याच दिवशी, त्याच भावात, तेवढ्याच गाड्या गेल्या असत्या, ही गोष्ट त्या रिपोर्टात कुठंच आली नसती. ती येण्यासाठी त्यात रकानाच नसतो.

हे पुस्तक त्या नसलेल्या रकान्याबद्दल आहे. गुलमंडीवरचा दुकानदार असो, कॅनॉट प्लेसमधला क्लासवाला असो किंवा बीड बायपासला फ्लॅट विकणारा बिल्डर, प्रत्येकाकडे आज महिन्याअखेर एजन्सीचं बिल आणि सोबत रंगीत आलेखांचा रिपोर्ट येतो. बिल समजतं, रिपोर्ट समजल्यासारखा वाटतो. त्यातल्या दोन आकड्यांपाशी मी या प्रस्तावनेत थांबणार आहे: व्ह्यू रेट आणि व्ह्यू-थ्रू कन्व्हर्जन. बाकीचे पुढच्या प्रकरणांत येतीलच.

चर्चा हवेत राहू नये म्हणून एक दुकान डोळ्यांपुढं ठेवू. पैठण गेटच्या परिसरात पैठण्यांचं दुकान आहे, संकेतस्थळ आहे, आणि त्यावर बस्त्यासाठी येण्याची वेळ ठरवायचा एक छोटा फॉर्म आहे. दुकान काल्पनिक आहे आणि आकडेही हिशोब सोपा व्हावा म्हणून मी निवडलेले आहेत. लग्नसराईच्या एका महिन्यात या दुकानानं यूट्यूबवर वगळता येणारी जाहिरात चालवली. ती दोन प्रकारच्या लोकांना दाखवली गेली: ज्यांच्या ऑनलाइन वागण्यावरून ते लग्नाची खरेदी करताहेत असा अंदाज निघतो ते, आणि दुकानाच्या संकेतस्थळावर आधी येऊन गेलेले. जाहिरात ४,००,००० वेळा दिसली. त्यातले १,२०,००० ‘व्ह्यू’ धरले गेले. प्रत्येक व्ह्यूला ४० पैसे, म्हणून बिल ४८,००० रुपये. रिपोर्टच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापलं होतं: व्ह्यू रेट ३० टक्के.

हा तीस टक्के म्हणजे नेमकं काय? जाहिरात जितक्या वेळा दिसली त्यानं व्ह्यूच्या संख्येला भागलं की व्ह्यू रेट मिळतो. या प्रकारच्या जाहिरातीत पहिली पाच सेकंदं सक्तीची असतात, मग स्किपचं बटण येतं. पुढं तीस सेकंदांपर्यंत जाहिरात चालू राहिली, किंवा ती तीसहून छोटी असेल तर संपेपर्यंत चालली, किंवा बघणाऱ्यानं तिच्यावर बोट ठेवलं, तर एक व्ह्यू मोजला जातो आणि जाहिरातदाराला पैसे लागतात. पाच सेकंदांनंतर लगेच स्किप केलं तर पैसे लागत नाहीत. नियम एवढाच आहे, पण त्यातून पुष्कळ गोष्टी निघतात.

पहिली गोष्ट लांबीची. आपल्या दुकानाची जाहिरात ४५ सेकंदांची असेल तर व्ह्यू होण्यासाठी बघणाऱ्याला सक्तीच्या पाचनंतर आणखी पंचवीस सेकंदं थांबावं लागतं. तीच जाहिरात कापून १२ सेकंदांची केली तर फक्त सात. पैठणी तीच, मोर तेच, बघणाऱ्याचा रस तेवढाच, आणि व्ह्यू रेट वर जाणार. एजन्सीनं ‘या महिन्यात व्ह्यू रेट सुधारला’ असं सांगितलं की पहिला प्रश्न हा विचारावा, की जाहिरातीची लांबी बदलली का? सहा सेकंदांची बंपर जाहिरात किंवा पंधरा सेकंदांची न वगळता येणारी जाहिरात यांची तर गोष्टच निराळी. तिथं स्किपच नाही, त्यामुळं शेवटपर्यंत चालण्याचं प्रमाण प्रचंड दिसतं, आणि पैसे हजार वेळा दिसण्याच्या हिशोबानं लागतात. ते प्रमाण आणि वगळता येणाऱ्या जाहिरातीचा व्ह्यू रेट एकाच आलेखात शेजारी शेजारी उभे केलेले मी पाहिलेत. खोलीला कुलूप लावून हजेरी घेतली तर ती शंभर टक्केच भरणार.

दुसरी गोष्ट अशी, की व्ह्यू म्हणजे जाहिरात चालू राहिली, यापलीकडं काही नाही. तिच्याकडं कुणी बघत होतं की नाही हे त्यातून कळत नाही. कणीक मळताना ओट्यावर मोबाइलवर अभंग लावलेले असतात, हाताला पीठ लागलेलं असतं, स्किप कोण करणार? हॉलमधल्या टीव्हीवर यूट्यूब चालू असतं आणि रिमोट सोफ्याच्या फटीत गेलेला असतो. ही सगळी न वगळणारी माणसं व्ह्यू रेटमध्ये मोजली जातात. शिवाय टीव्हीवर घरातल्या पाच माणसांसाठी बहुधा एकाच्याच नावाचं खातं उघडलेलं असतं. बस्त्याचा निर्णय घेणारी आत्या त्या खात्यात कुठंच नसते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि एजन्सीच्या बैठकीत ती क्वचितच निघते. कमी व्ह्यू रेट ही कित्येकदा चांगली बातमी असते. समजा जाहिरातीच्या पहिल्या चार सेकंदांतच ‘पैठण गेट, पैठणी, दहा हजारांपासून पुढं’ असं स्पष्ट सांगितलं. ज्यांना पैठणी घ्यायचीच नाही ते सहाव्या सेकंदाला निघून जातील. त्यांनी नाव ऐकलं, आणि दुकानदाराचा एक पैसाही गेला नाही. व्ह्यू रेट मात्र पडेल. उलट सुरुवातीला विहिरीवर रडणारी मुलगी दाखवली आणि दुकानाचं नाव पंचविसाव्या सेकंदाला आणलं, तर उत्सुकतेपोटी लोक थांबतील, व्ह्यू रेट चढेल आणि बिलही चढेल. नाव ऐकायच्या आत निघून गेलेल्यांना मात्र दुकानाचा पत्ताच लागणार नाही. व्ह्यू रेट हेच लक्ष्य ठरवलं की जाहिरात करणारे हुशार लोक नेमकी अशीच जाहिरात करायला लागतात. त्यांचा त्यात दोष नाही, लक्ष्य आपण चुकीचं दिलेलं असतं.

मग हा आकडा टाकाऊ आहे का? नाही. लांबी तीच, प्रकार तोच, दाखवायचे लोक तेच, आणि सुरुवातीचे दोन वेगवेगळे तुकडे शेजारी चालवले, तर कुठला तुकडा लोकांना धरून ठेवतो हे व्ह्यू रेट चांगलं सांगतो. संकलकाच्या टेबलावर त्याला किंमत आहे. गल्ल्यावर नाही.

टक्केवारीत भागाकार कशानं केला हे पाहायची सवय का लावावी, याचा धडा खुद्द फेसबुकनं दिलेला आहे. व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला जातो हा आकडा ते जाहिरातदारांना देत असत. सप्टेंबर २०१६ मध्ये उघड झालं, की तीन सेकंदांच्या आत निघून गेलेल्यांना त्यांनी भाजकातून वगळलं होतं. बघण्याचा वेळ मोजला, पण तो वाटला फक्त थांबलेल्यांत. त्यामुळं सरासरी साठ ते ऐंशी टक्क्यांनी फुगलेली दिसत होती, आणि हे जवळपास दोन वर्षं चाललं होतं. पुढं अमेरिकेत जाहिरातदार कोर्टात गेले आणि २०१९ मध्ये चार कोटी डॉलरवर तडजोड झाली. मोठमोठ्या कंपन्यांच्या माध्यम-तज्ज्ञांनाही तो भाजक दिसला नव्हता.

आता रिपोर्टचं दुसरं पान. तिथं लिहिलं होतं: एकूण कन्व्हर्जन १००, प्रत्येकी खर्च ४८० रुपये. पंचवीस-तीस हजारांची पैठणी विकणाऱ्याला एका चौकशीमागं ४८० रुपये म्हणजे काहीच नाही. पण शंभराची फोड मागितल्यावर कळलं, की जाहिरातीवर क्लिक करून येऊन फॉर्म भरणारे होते १४, आणि व्ह्यू-थ्रू होते ८६. नुसत्या क्लिकवाल्यांच्या हिशोबानं खर्च साडेतीन हजारांच्या आसपास जातो. म्हणजे सगळा निकाल त्या ८६ जणांना काय मानायचं यावर अवलंबून आहे.

व्ह्यू-थ्रू कन्व्हर्जन म्हणजे असं: जाहिरात पडद्यावर दिसली, माणसानं क्लिक केलं नाही, आणि ठरलेल्या मुदतीत त्यानं दुसऱ्या कुठल्या तरी वाटेनं येऊन फॉर्म भरला. व्ह्यू मोजण्याइतकी जाहिरात पाहिलेली असावी अशीही अट इथं नाही. सहाव्या सेकंदाला स्किप करणाराही यात येतो. गूगलच्या जाहिरात यंत्रणेत ही मुदत मुळात एक दिवसाची असते, ती तीस दिवसांपर्यंत वाढवता येते. दहा सेकंदं तरी पाहून मग फॉर्म भरणाऱ्यांसाठी ‘एंगेज्ड-व्ह्यू’ असा आणखी एक प्रकार आहे, त्याची मुदत मुळात तीन दिवस. तो यंत्रणेच्या मुख्य कन्व्हर्जन रकान्यात मिसळतो. व्ह्यू-थ्रू मात्र यंत्रणा स्वतः वेगळ्या रकान्यात ठेवते. आपल्या रिपोर्टात तो क्लिकवाल्यांत मिळवलेला होता, म्हणजे बेरीज एजन्सीनं केलेली होती.

८६ हा आकडा तपासायला एक साधा हिशोब पुरतो. जाहिरात ४,००,००० वेळा दिसली ती ८०,००० माणसांना, म्हणजे प्रत्येकाला सरासरी पाच वेळा. पाच वेगवेगळ्या दिवशी दिसली असं धरा. मुदत एक दिवसाची, म्हणून महिन्याच्या तीस दिवसांपैकी पाच दिवस प्रत्येक माणूस ‘मुदतीत’ असतो. महिन्याचा सहावा भाग. आता या दुकानाच्या फॉर्मची जुनी वही काढली तर आधीच्या महिन्यात, जाहिरात नसताना, ५०५ फॉर्म आले होते. ही माणसं कोण? ज्यांच्या घरी लग्न आहे ती, आणि संकेतस्थळ चाळून गेलेली. जाहिरात दाखवायला निवडलेले लोकही हेच. म्हणजे जाहिरातीचा शून्य परिणाम झाला असता, कुणाच्याही मनावर ओरखडासुद्धा उमटला नसता, तरी त्या पाचशेंपैकी सहाव्या हिश्श्याचा फॉर्म आपोआप कुठल्या तरी जाहिरातीच्या मुदतीत पडलाच असता. ५०५ भागिले ६ म्हणजे ८४.

रिपोर्टात ८६ होते.

मुदत एकाची तीन दिवस केली की हा आकडा साधारण तिपटीकडं सरकतो, तीस दिवसांची केली की दुकानात येणारा जवळजवळ प्रत्येक जण जाहिरातीच्या खात्यावर पडतो. जाहिरात जास्त वेळा दाखवली तरी तेच होतं. विक्री न वाढवता व्ह्यू-थ्रू वाढवायचे असतील तर सोपा मार्ग म्हणजे स्वस्तात, खूप वेळा, आधीच दुकानाकडं निघालेल्या लोकांना जाहिरात दाखवणं.

खरं तर माझा हिशोब एजन्सीला झुकतं माप देणारा आहे, कारण त्यात जाहिरात दिसणं आणि फॉर्म भरणं यांचा एकमेकांशी संबंध नाही असं मी धरलं. प्रत्यक्षात संबंध असतो. ज्या दिवशी माणूस मोबाइलवर जास्त वेळ असतो त्याच दिवशी त्याला जाहिराती जास्त दिसतात, आणि त्याच दिवशी तो फॉर्मही भरतो. याहूच्या संशोधकांनी, लुईस, राव आणि रायली यांनी, २०११ मध्ये हे प्रयोगानं दाखवलं. काही लोकांना त्यांनी याहूचा प्रचार करणारा व्हिडिओ दाखवला, इतरांना त्याच्याशी संबंध नसलेला. व्हिडिओ पाहिलेल्यांचा याहूवरचा वावर त्या दिवशी खूप वाढलेला दिसला. नुसतं तेवढंच पाहिलं असतं तर जाहिरात यशस्वी म्हणून पेढे वाटले गेले असते. पण दुसऱ्या गटाचा वावरही जवळपास तसाच वाढला होता. त्या दिवशी ही सगळी माणसं इंटरनेटवर होती, एवढाच त्याचा अर्थ होता.

मग जाहिरातीचा उपयोग झालाच नाही का? असंही या आकड्यांवरून म्हणता येत नाही, आणि हे तितक्याच ठामपणे सांगायला हवं. एखाद्या मावशीनं जाहिरात पाहिली असेल, लेकीला सांगितलं असेल, आणि मायलेकी फॉर्म न भरता थेट दुकानात आल्या असतील. तो परिणाम कुठल्याच रकान्यात येत नाही. व्ह्यू-थ्रू एकीकडं फुकटचं श्रेय घेतो आणि दुसरीकडं खरं श्रेय हुकवतो. दोन्ही चुका एकमेकींना भागून बरोबर उत्तर देतील असं मानायला काही कारण नाही.

पहिला कच्चा ताळा वहीतच असतो. जाहिरातीच्या महिन्यात एकूण फॉर्म आले ५२३. रिपोर्ट म्हणतो शंभर जाहिरातीमुळं आले, वही म्हणते एकूण वाढ अठराची. पण या अठरांवरही फार विसंबू नये. अनोळखी माणसं आपापल्या कारणानं येतात तेव्हा त्यांची संख्या साधारण तिच्या वर्गमुळाइतकी नुसत्या योगायोगानं वरखाली होते. पाचशेचं वर्गमूळ बावीस-तेवीस. म्हणजे अठराची वाढ जाहिरातीशिवायही सहज होऊ शकते. त्यात मुहूर्तांची संख्या दर महिन्याला निराळी, ती भर वेगळीच.

पुरावा हवा असेल तर एकच वाट आहे: काही लोकांना चिठ्ठ्या टाकून बाजूला काढायचं आणि त्यांना जाहिरात मुद्दाम दाखवायची नाही. मोठ्या माध्यमांकडं अशी ‘लिफ्ट’ चाचणी असते. आपल्या दुकानानं ती केली असं समजू. अर्ध्यांना जाहिरात, अर्ध्यांना नाही. जाहिरात नसलेल्या अर्ध्यातून महिन्याला २५० फॉर्म आले आणि जाहिरातवाल्या अर्ध्यातून २६४. फरक चौदाचा. पण दोन्ही बाजूंचा योगायोग मिळून चढउतारच तेवीसच्या आसपास, त्यामुळं चौदा त्यात बुडून जातात. परिणाम खरोखर दरमहा चौदाचा असेल तर तो योगायोगाच्या वर स्पष्ट दिसायला दहा-अकरा महिने सलग चाचणी चालवावी लागेल. छोट्या दुकानदाराला हे ऐकून निराश व्हायला होतं, पण हीच वस्तुस्थिती आहे. लुईस आणि राव यांनी पुढं २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात पंचवीस मोठ्या प्रयोगांवरून जवळपास हेच दाखवलं: लाखो माणसं असलेल्या मोहिमांतही जाहिरातीचा नफा-तोटा नेमका सांगणं अतिशय अवघड जातं.

काही जण जिल्हे वाटून पाहतात. जालन्यात आणि हिंगोलीत जाहिरात चालू, बीड-परभणीत बंद, आणि काउंटरवर प्रत्येक गिऱ्हाइकाला गाव विचारायचं. पद्धत चांगली आहे, आणि यात फॉर्म न भरता आलेलेही मोजले जातात. दोन अडचणी लक्षात ठेवाव्या. बीडचा मुलगा वाळूजला कामाला असतो आणि त्याचा मोबाइल इथल्या शहरात मोजला जातो, बस्त्याला मात्र सगळं घर बीडहून येतं. आणि जिल्हेवार आकडे आणखी लहान, त्यामुळं योगायोगाचा गोंधळ आणखी मोठा. म्हणून ही चाचणी करायची तर जाहिरात नेहमीच्या तिप्पट-चौपट जोरानं, थोड्याच जिल्ह्यांत चालवावी. फरक मोठा असेल तरच तो दिसेल. आणि इतक्या जोरानंही तो दिसला नाही, तर निदान मोठा फायदा होत नाही एवढं तरी कळेल. आजवर माझ्यासमोर आलेल्या रिपोर्टांतल्या कुठल्याही पानानं एवढं सांगितलेलं नाही.

या पुस्तकाची पुढची प्रकरणं त्या चाचण्यांची आखणी सविस्तर सांगतात. ती वाचायला वेळ नसेल त्यांनी निदान पुढच्या महिन्याच्या बैठकीला स्वतःची वही घेऊन जावं आणि रिपोर्ट उघडायच्या आधी एजन्सीला विचारावं: क्लिकचे किती, व्ह्यू-थ्रूचे किती, मुदत किती दिवसांची, आणि एका माणसाला जाहिरात सरासरी किती वेळा दिसली? या चार आकड्यांवरून वर केलेला सहाव्या हिश्श्याचा हिशोब पाच मिनिटांत होतो. ते मिळेपर्यंत बजेट वाढवू नका.